फराळी मिक्स्चर घ्यायचं की नाही? सुटलेल्या एलपीत नवीन पदार्थ आला तर रिड्यूस्ड कॉस्ट कशी वाचायची

झारा_मल्हारगंज

नमस्कार मंडळी. इंदूरला मल्हारगंजात आमचा नमकीनचा छोटा कारखाना आहे, आजोबांच्या वेळेपासूनचा. दोन मोठ्या कढया, त्यांवर दोन कारीगर, आणि पॅकिंगला दोघीजणी. कशाचे किती घाणे काढायचे हे पूर्वी काका सकाळी उठून मनात ठरवायचे. गेल्या वर्षापासून मी ते लिनियर प्रोग्रॅमिंगने, म्हणजे एलपीने ठरवतो: ठरलेल्या मर्यादांत जास्तीत जास्त पैसे कसे सुटतील ते काढायचं गणित. ते चांगलं चाललंय.

आमचा एक घाणा म्हणजे दहा किलो तयार माल. लौंग शेवेच्या एका घाण्याला कढईची २४ मिनिटं आणि पॅकिंगची १२ मिनिटं लागतात, सुटतात ४८० रुपये. गाठियाला कढईची १६, पॅकिंगचीही १६, आणि सुटतात ४००. दोन्हींना बेसन सात-सात किलो. दिवसाला कढईची ९६० मिनिटं, पॅकिंगची ७२०, आणि सियागंजातून रोज ४०० किलो बेसन येतं. उत्तर येतं शेवेचे २० घाणे, गाठियाचे ३०, रोजचे २१,६०० रुपये. कढई आणि पॅकिंग पुरतं संपतं, बेसन ३५० किलो लागतं.

आता काकांना फराळी मिक्स्चर सुरू करायचंय: बटाट्याची सळी, साबुदाणा, शेंगदाणे. बेसन शून्य. चाचणीच्या घाण्याला कढईची ३० मिनिटं आणि पॅकिंगची १४ लागली, आणि सुटतील ५५०. काकांचं म्हणणं, दहा किलोमागे सगळ्यांत जास्त पैसे यातच आहेत, मग विचार कसला? मला आठवतं की रिड्यूस्ड कॉस्ट काढली तर सगळं पुन्हा न सोडवता कळतं. पण ती नेमकी कशी काढायची आणि तिच्यावर कितपत विसंबायचं, हे पक्कं नाही. कुणी समजावून सांगेल का?

नितीन_पलासिया

एवढं लांब जायची गरज नाही भैया. तुमची अडचण कढईची आहे, तर कढईच्या मिनिटामागे किती सुटतं ते बघा. शेव २० रुपये, गाठिया २५, आणि फराळी ५५० भागिले ३०, म्हणजे १८ रुपये आणि काही पैसे. सगळ्यांत खाली. नका घेऊ, विषय संपला. माझ्या वर्कशॉपमध्ये लेथचं मी असंच ठरवतो.

आबा_छावणी

नितीन, उत्तर बरोबर आलंय, पण वाट चुकीची आहे, आणि पुढच्या पदार्थाला ती दगा देईल. तुमच्याच हिशेबाने गाठिया शेवेपेक्षा सरस ठरतो. मग सगळी कढई गाठियालाच का दिली नाही? कारण ४५ घाणे गाठिया झाला की पॅकिंगची ७२० मिनिटं संपतात आणि कढई २४० मिनिटं रिकामी राहते. इथे अडचणी दोन आहेत, म्हणून एकाच गोष्टीने भागून चालत नाही. लेथ एकच असेल तर तुमची रीत बरोबर आहे.

झारा, मी बरीच वर्षं हा विषय शिकवला, तेव्हा जरा सविस्तर लिहितो. जुनं उत्तर फक्त घाणे सांगत नाही, प्रत्येक अडचणीचा भावही सांगतं. कढईचं एक मिनिट जास्त मिळालं तर दिवसाचे किती रुपये वाढतील, तो कढईचा भाव. पॅकिंगचंही तसंच. यालाच शॅडो प्राइस म्हणतात. नवीन पदार्थ ही मिनिटं शेव-गाठियाकडून काढून घेणार, तर त्याने त्यांचं मोल मोजायला हवं. मोल चुकवून वर काही उरलं तर तो आत येतो, नाहीतर बाहेर राहतो. ते उरलेलं किंवा कमी पडलेलं म्हणजेच रिड्यूस्ड कॉस्ट.

तुझ्या सॉल्व्हरमधून हे भाव काढून इथे टाक. आणि एक विचारतो, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. ४८०, ४०० आणि ५५० हे तिन्ही आकडे एकाच रीतीने काढलेत ना? एकातून कारीगराचा रोज वजा केलाय आणि दुसऱ्यातून नाही, असं झालं तर पुढचं सगळं फुकट.

झारा_मल्हारगंज

आबा, तिन्हींतून फक्त कच्चा माल, तेल, गॅस आणि पिशवी वजा केलीय. रोज कशातूनच नाही, तो ठरलेलाच द्यावा लागतो. भाव असे काढले:

```python
from scipy.optimize import linprog
A = [[24, 16], [12, 16], [7, 7]]
r = linprog([-480, -400], A_ub=A,
            b_ub=[960, 720, 400], method="highs")
print(r.x, -r.fun, r.ineqlin.marginals)
```

घाणे २० आणि ३० आले, रक्कम २१,६००. पण भाव उणे आलेत: कढई उणे १५, पॅकिंग उणे १०, बेसन शून्य. म्हणजे कढईचं मिनिट वाढलं तर तोटा?

आबा_छावणी

नाही. `linprog` फक्त कमीत कमी काढतो, म्हणून तू नफा उणे करून दिलास. त्यामुळे भावही उणे आले. कढईचं मिनिट १५ रुपये, पॅकिंगचं १० रुपये, बेसनाचं काहीच नाही, कारण ५० किलो उरतंयच. खुणेचा गोंधळ वाटला तर सोपी पडताळणी आहे. ९६० गुणिले १५ अधिक ७२० गुणिले १० किती? २१,६००. दिवसाची सगळी कमाई या दोन भावांत वाटली गेली पाहिजे. तशी वाटली गेली नाही तर काहीतरी चुकलंय.

आता फराळीचा एक घाणा. कढईचे ३० गुणिले १५ म्हणजे ४५०, पॅकिंगचे १४ गुणिले १० म्हणजे १४०. एकूण ५९०, आणि सुटतात ५५०. दर घाण्याला ४० रुपये कमी पडतात. बेत बदलत नाही.

हे सूत्र आहे म्हणून मानू नकोस, कारखान्यात उभं राहून बघ. फराळीचा एक घाणा काढायला शेवेचा एक आणि एक तृतीयांश घाणा सोडावा लागतो. त्याने कढईची ३२ आणि पॅकिंगची १६ मिनिटं सुटतात. फराळीला ३० आणि १४ पुरतात, उरलेल्या दोन-दोन मिनिटांत गाठियाचा एक अष्टमांश घाणा निघतो. शेवेचे गेले ६४०, गाठियाचे आले ५०, फराळीचे आले ५५०. हिशेब उणे ४०. गाठिया वाढतोय हे काकांना मुद्दाम सांग. नवीन पदार्थ आला की सगळे जुने थोडे थोडे कमी होतात असं लोक धरून चालतात, पण तसा काही नियम नाही.

पराग_वडोदरा

आबा, माझंही याच धर्तीवर बघता का? मी वडोदऱ्याला आहे आणि आमचा धंदाही फरसाणचाच. तोच गाठिया आम्ही छोट्या पाऊचमध्ये भरायला लागलो, कारण दहा किलोमागे ४०० ऐवजी ५२० सुटतात. कढई तेवढीच. पण सहा महिने झाले, गल्ल्यात वाढ दिसत नाही. पाऊचला पॅकिंगची ३४ मिनिटं लागतात.

आबा_छावणी

पराग, तुमच्या कारखान्याचे भाव वेगळे असणार, तुमच्याच आकड्यांवरून काढायला हवेत. पण झाराच्या भावाने बघू. पाऊचवाला गाठिया: कढईचे १६ गुणिले १५ म्हणजे २४०, पॅकिंगचे ३४ गुणिले १० म्हणजे ३४०. एकूण ५८०, सुटतात ५२०, म्हणजे ६० चा खड्डा. आणखी साधं सांगायचं तर पॅकिंगची १८ मिनिटं जास्त गेली, त्यांचं मोल १८०, आणि वर मिळाले १२०.

नितीन, तुमच्या रीतीने याच पाऊचला कढईच्या मिनिटामागे साडेबत्तीस रुपये पडतात, म्हणजे सगळ्यांत सरस. वाट चुकीची म्हणालो ते यासाठी.

नितीन_पलासिया

मान्य. माझ्याकडे लेथनंतर तपासणीच्या टेबलावर माल साचतो, ते मी कधी मोजलंच नव्हतं.

अद्वैत_क

मी एमएस्सीला आहे. झारादादांचे आकडे टाकले, पण माझ्याकडे वेगळंच आलं. घाणे तेच २० आणि ३०, रक्कमही तीच. पण कढईचा भाव १०, पॅकिंगचा शून्य, आणि बेसनाचा किलोला ३४.२९. या भावाने फराळीला फक्त ३०० रुपये मोजावे लागतात आणि घाण्यामागे २५० उरतात. मग घ्यायलाच हवं ना? आबांचं कुठे चुकलं?

झारा_मल्हारगंज

अद्वैत, बेसन किती धरलंस?

अद्वैत_क

३५०. तुम्हीच लिहिलंय.

झारा_मल्हारगंज

३५० लागतं. येतं ४००.

आबा_छावणी

प्रश्न चुकीचा वाचला गेला, पण अद्वैतने फार कामाची गोष्ट वर काढली. बेसन खरोखर ३५० च आलं तर काय होईल? पदार्थ दोन आणि तंतोतंत संपणाऱ्या अडचणी तीन: कढई, पॅकिंग, बेसन. अशा वेळी भाव एकच राहत नाहीत. १५, १० आणि शून्य हेही बरोबर, अद्वैतचे १०, शून्य आणि ३४.२९ हेही बरोबर, आणि मधले असंख्यही. सॉल्व्हर त्यांतला एक छापतो आणि दुसरे आहेत हे सांगत नाही.

मग खरं काय? बरोबर असलेल्या भावांपैकी कोणत्याही एका भावाने जरी फराळी परवडत नसेल, तरी बेत बदलत नाही. पहिल्या भावाने ती ४० ने कमी पडते, म्हणजे २५० चा आकडा पोकळ आहे. त्यावर भरवसा ठेवून फराळी आत घ्यायला गेलास तर सिम्प्लेक्स, म्हणजे एलपी पावलापावलाने सोडवायची रीत, एक पाऊल टाकेल, त्या पावलाची लांबी शून्य निघेल आणि घाणे जागचे हलणार नाहीत. ओळखायची खूण म्हणजे पुरत्या संपलेल्या अडचणी मोजायच्या आणि प्रत्यक्ष निघणारे पदार्थ मोजायचे. अडचणी जास्त निघाल्या तर एका रिड्यूस्ड कॉस्टवर निर्णय घेऊ नये, नवीन पदार्थ टाकून पुन्हा सोडवावं. झाराच्या शीटमध्ये बेसन उरतंय, म्हणून त्याचे भाव पक्के आहेत.

अद्वैत_क

समजलं. पदार्थ जोडून पुन्हा सोडवलं तर फराळी शून्यच येते, आत्ताच पाहिलं.

झारा_मल्हारगंज

चार दिवसांनी लिहितोय. उणे ४० काकांना दाखवलं. ते म्हणाले, ३० मिनिटं कुठे जातात ते बघू. कढईजवळ घड्याळ घेऊन उभा राहिलो. दाणे तळण्यात चार मिनिटं जातात. दाणे भट्टीवाल्याकडून भाजून आणले तर कढई २६ मिनिटांत मोकळी होते. भाजणावळ गेली पण तेल वाचलं, सुटतात ५५० च. आता २६ गुणिले १५ म्हणजे ३९०, अधिक १४०, एकूण ५३०. वर २० उरतात!

मग फराळी टाकून पुन्हा सोडवलं आणि हबकलो. फराळी २० घाणे, गाठिया साडेसत्तावीस, शेव शून्य. रक्कम २२,०००. दिवसाच्या ४०० रुपयांसाठी लौंग शेव बंद? इंदुरात शेव नसलेलं नमकीनचं दुकान मी काकांना कोणत्या तोंडाने सांगू?

आबा_छावणी

हे नीट समजून घे, कारण रिड्यूस्ड कॉस्ट इथे गप्प असते. ती फक्त पहिल्या घाण्याचा फायदा सांगते. किती घाणे निघतील आणि कोण बाहेर जाईल हे सांगत नाही. त्यासाठी अदलाबदल बघावी लागते. आता फराळीच्या एका घाण्यामागे शेवेचा बरोबर एक घाणा जातो आणि गाठियाचा एक अष्टमांश. शेवेचे २० आहेत, त्या विसाव्या घाण्याला संपतात. गाठिया २४० व्या घाण्यापर्यंत पुरला असता. म्हणून आधी शेव संपते आणि तिथेच पाऊल थांबतं. दर घाण्याला २०, घाणे २०, म्हणून ४००.

फायदा बारीक होता म्हणून शेव थोडी कमी होऊन थांबेल असं तुला वाटलं असणार. पण रेषेला मध्येच थांबणं ठाऊक नाही. एक रुपया उरला असता तरी ती टोकापर्यंत गेली असती. अडवणारी अट आपणच लिहायची असते. फराळी रोज किती खपेल?

झारा_मल्हारगंज

आठ घाणे, फार तर. एकादशीला जास्त, पण रोजचे आठच.

आबा_छावणी

मग तीच अट. शेव १२, गाठिया २९, फराळी ८. कढई आणि पॅकिंग पुन्हा तंतोतंत संपतं, रक्कम २१,७६०. वाढ १६० ची. खपाची अट फक्त फराळीवर आहे आणि जुन्या बेतात फराळी शून्यच होती, म्हणून तिचा भाव शून्य होता आणि आपले २० चुकले नव्हते.

एक आठवलं म्हणून सांगतो. कागदाच्या मोठ्या रोलमधून लहान रोल कसे कापायचे, यावर गिलमोर आणि गोमोरी यांनी १९६१ साली हीच गोष्ट उलटी वापरली. कापायच्या तऱ्हा इतक्या असतात की सगळ्या लिहिणंच शक्य नाही. त्यांनी थोड्याच तऱ्हांवर सोडवलं, भाव काढले, आणि प्रत्येक वेळी विचारलं की या भावाने परवडणारी आणखी एखादी तऱ्हा आहे का. मिळाली तर जोडायची, भाव नव्याने काढायचे. नवे भाव हा त्यातला प्राण. तुझ्याकडेही फराळी आत आली की १५ आणि १० तपासल्याशिवाय पुढच्या पदार्थाला लावू नकोस. शेव शून्य झालेल्या उत्तरात कढई १५ वरून साधारण १६.६७ ला गेलीय आणि पॅकिंग ८.३३ ला उतरलंय.

सुनंदामावशी

मी तुमचं गणित वाचत होते, सगळं कळलं असं नाही. पण बाळा, एक विचारू? उपवासाचं तू बेसनाच्या तेलात तळणार आहेस का? आमच्या रामबागेत एकादशी धरणाऱ्या बायका हे पहिलं विचारतात. शेवेच्या कढईतलं मिक्स्चर कुणी घेणार नाही.

झारा_मल्हारगंज

मावशी, चाचणी नव्या तेलात, सकाळी धुतलेल्या कढईत झाली होती, म्हणून हे डोक्यातच आलं नाही. कारीगराला विचारलं. शेव चालू असताना मध्ये तेल उतरवणं, कढई घासणं, नवं तेल तापवणं, याला पाऊण तास लागतो. गॅस वेगळाच.

आबा_छावणी

मावशींनी आम्हा सगळ्यांपेक्षा नेमकं बोट ठेवलं.

पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं, दर १५ ने ६७५ रुपये. आठ घाण्यांचा फायदा १६०. फराळी घेऊन दिवसाला ५१५ चा तोटा. एका दिवसात जास्त काढून साठवायचं म्हटलं तरी भागत नाही. अख्खी शेव बंद ठेवून वीस घाणे काढले असते तरी ४०० च मिळत होते.

आणि हे रिड्यूस्ड कॉस्टमध्ये दिसणार नव्हतं. ती दर घाण्याचं मोल जाणते. पहिल्या घाण्याआधी एकदाच लागणारा वेळ, मग घाणा एक असो की आठ, तिच्या भाषेत बसत नाही. तिथे हो की नाही अशी वेगळी शून्य-एकची राशी लागते, आणि ती आली की सॉल्व्हरचे भाव पूर्वीच्या अर्थाने वापरता येत नाहीत. साधी वाट म्हणजे फराळीसकट आणि फराळीशिवाय असं दोनदा सोडवून रक्कम ताडून बघणं. मात्र फराळी शेवेच्या आधी, सकाळच्या धुतलेल्या कढईत काढली तर घासणं वाचेल का, हे कारीगरालाच विचार.

सुनंदामावशी

सकाळी आधी उपवासाचं, मग शेव. आमच्याकडे घरी असंच करतात.

झारा_मल्हारगंज

विचारलं. घासणं वाचतं, पण फराळीचं तेल सकाळी वेगळं घालून नंतर काढावं लागेल, कारण शेवेचं जुनं तेल त्याच कढईत जातं. वीसेक मिनिटं लागतील म्हणतो. २० गुणिले १५ म्हणजे ३००, तरी १६० च्या वरच.

काका म्हणतात, माळ्यावर आजोबांची एक छोटी कढई आहे, ती फराळीला वेगळी लावू. मग फराळीला मोठ्या कढईची मिनिटं लागणारच नाहीत. फक्त पॅकिंगचे १४० मोजायचे आणि ५५० घ्यायचे, घाण्याला ४१० उरले. आठ घाण्यांचे ३,२८०! आबा, हे बरोबर आहे का?

नितीन_पलासिया

आबांच्या आधी मी विचारतो, कारण तपासणीच्या टेबलाचं मला याच धाग्यावर कळलं. त्या तिसऱ्या कढईवर उभं कोण राहणार? तुमच्या ९६० मिनिटांत कढई संपते की कारीगर संपतो?

आबा_छावणी

नितीन, नेमकं हेच. दोन कढया आणि दोन कारीगर असल्याने झाराच्या शीटमध्ये ते एकाच ओळीत मिसळलेत. १५ रुपये कढईच्या मिनिटाचे आहेत की कारीगराच्या, हे ती ओळ सांगू शकत नाही. कारीगराचे असतील तर तिसरी कढई लावून काहीच सुटत नाही, ५३० चे ५३० च राहतात. लहान कढईत दहा किलोचा घाणा एकदम बसतो का, हाही प्रश्न आहेच. झारा, शेव तळत असताना कारीगराचे हात किती मिनिटं मोकळे असतात, ते घड्याळ लावून मोजशील?

झारा_मल्हारगंज

झारा फिरवताना हात मोकळे नसतात, पण घाणा पडल्यावर फेस बसेपर्यंत तो नुसता उभा असतो. किती वेळ, ते सांगता येत नाही. उद्या सकाळी पहिल्या घाण्यापासून बसतो. दोन्ही कारीगरांचं वेगळं वेगळं लिहून घेईन आणि कढईची ओळ दोन ओळींत फोडून इथे टाकेन.